सासूबाईंच्या टाचेतला काटा

लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला दुष्काळ पडला. अहमदपूरकडच्या आमच्या गावात मी आणि सासूबाई शेळ्यांसाठी बाभळीचा पाला तोडून आणायचो. एकदा दोघींच्याही पायात काटे रुतले. माझा सहज निघाला, त्यांचा टाचेत मोडला. मीच त्यावर बिब्बा तापवून घातला आणि भोक बुजवून टाकलं. लोखंड लागलं तरच दवाखान्यात जाऊन सुई घ्यायची, अशी गावाची समजूत होती.

आठवड्यानं त्यांचा जबडा उघडेना. जेवेनात, तर मला वाटलं रुसल्या. त्यात त्या पटाईत होत्या. मग मान ताठली, पाठ कमानीसारखी वाकली. जीपमध्ये घालून त्यांना नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, धनुर्वात. त्यांनी विष मारणारं औषध आणि लसीची पहिली सुई टोचली, टाच उघडून काट्याचं टोक आणि मेलेलं मांस काढलं, जखम टाके न घालता मोकळी ठेवली. "हवा लागत नाही तिथंच हा जंतू वाढतो. त्याचं विष नसांतून मणक्यापर्यंत चढतं. नसांत शिरलेलं विष औषधानं निघत नाही, उतरेपर्यंत तग धरायचा." बिब्बा कोणी घातला, हे त्यांनी विचारलं नाही. मला गरोदरपणात धनुर्वाताच्या सुया मिळाल्या होत्या का, एवढं विचारलं. मिळाल्या होत्या. सासूबाईंना जन्मात कधी मिळाली नव्हती.

खोली अंधारी ठेवलेली. पेला वाजला तरी त्यांचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. गळ्याला भोक पाडून नळी घातलेली, श्वास यंत्रावर, अंग सैल पडण्याचं औषध चालू. डोळे मिटलेले. किती आठवडे गेले तरी फरक दिसेना. एका दुपारी मी खाटेपाशीच नवऱ्याला म्हणाले, "घरी न्या त्यांना. मरायचंच हाय, तर आपल्या दारात मरू द्या."

सिस्टरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. "हा रोग डोक्यात जात नसतो, बाई. त्यांना सगळं कळतंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी त्यांचे पाय पुसायचे, पण तोंडाकडं बघवत नसे.

त्या वाचल्या. नळी निघाली, आवाज आला, भिंतीला धरून चालू लागल्या. त्या दुपारबद्दल चकार शब्द नाही. ऐकलंच नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर लसीची दुसरी सुई घेऊन आले. नवरा म्हणाला, "एकदा झालाय म्हंजी आता पुन्हा व्हायचा न्हाई ना?"

"होतो. एवढ्याशा विषानं माणूस मरतो, पण तेवढ्यानं शरीराला त्याची ओळख पटत नाही. लस घ्यावीच लागते."

सासूबाईंनी दंड पुढं केला. "टोचा, डाक्टर. पुन्यांदा झालं तर हिला परत 'दारात मरू द्या' म्हणावं लागंल."

त्या हसत नव्हत्या, रागातही नव्हत्या. सुई टोचली गेली तेव्हा त्यांनी आधाराला माझाच हात धरला.