दोन कप सिमेंट

भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या रॉबर्ट अंकलना तुम्ही ओळखत नाही. आणि आमच्या धंद्यातले जे ओळखतात, त्यांना ते चुकीचे ठाऊक आहेत. त्याला कारण मी.

समुद्रातल्या तेलविहिरींवर अंकल सत्तावीस वर्षं सिमेंटचा पंप चालवत होते. मी कौस्तुभ, भाईंदरच्या केबिन रोडचा, त्यांच्यावरचा इंजिनिअर. तेव्हा वय पंचवीस, अक्कल त्याहून कमी. अंकलची एक सवय होती. प्रत्येक कामात कालवलेलं थोडं सिमेंट ते कागदी कपात काढून ठेवत आणि ओलं असतानाच खिळ्याने तारीख कोरत. जमिनीच्या पोटातलं सिमेंट काही डोळ्यांनी दिसत नाही. पण कपातलं दगडासारखं झालं, की निदान कालवण्यात चूक नव्हती हे कळतं.

त्या दिवशी विहिरीच्या मध्यावर सिमेंटचं बूच बसवायचं होतं. त्याखाली विहीर मडने, म्हणजे ड्रिलिंगच्या पातळ चिखलाने भरलेली होती. सिमेंट त्या मडच्या दीडपट जड. म्हणून अशा वेळी आधी खाली घट्ट जेलचा थर सोडतात. त्याला दोन तास लागतात, वरिष्ठांना घाई होती आणि मला शाबासकी हवी होती. मी म्हटलं, "जेल नको. खालून मडचा आधार आहेच, सिमेंट पडणार कुठे?"

"साहेब, वर जड, खाली हलका. त्यो ऱ्हायाचा न्हाय," अंकल म्हणाले आणि मला मेसमध्ये घेऊन गेले.

त्यांनी एका ग्लासात काठोकाठ पाणी घेतलं, दुसऱ्यात कोकम घातलेला साखरेचा पाक. पाकावर पत्त्यांतला एक पत्ता ठेवून तो ग्लास पाण्याच्या ग्लासावर उपडा केला आणि पत्ता हळूच ओढून घेतला. क्षणभर पाक वरच राहिला. मी हसलो.

"बघत ऱ्हा," अंकल म्हणाले.

लाल पाक आणि पाणी यांच्या मधल्या रेघेवर पत्त्यामुळे बारीक लाटा उठल्या होत्या. जिथे पाक केसभर खाली उतरला होता तिथे भार जास्त पडला, म्हणून तो आणखी उतरला. शेजारचं हलकं पाणी तितकंच वर चढलं. जेवढी लाट मोठी, तेवढी ती वेगाने वाढत होती. बघता बघता लाल बोटं तळाला टेकली.

"एकदम सपाट असता तर ऱ्हायला असता," अंकल म्हणाले. "पण एवढा सपाट कोन करून देनार?"

मग त्यांनी पाण्याऐवजी घट्ट कस्टर्ड घेऊन तोच खेळ केला. पाक वर बसून राहिला. तिथे लाटेला वाढूच देत नव्हतं ते कस्टर्ड.

सगळं समजलं मला. न समजल्याचं सोंग करून मी म्हटलं, "ग्लास म्हणजे विहीर नाही, अंकल." आणि जेलशिवाय कामाला सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी पाईप खाली सोडला. बूच जिथे लागायला हवं होतं तिथून तो अडथळ्याशिवाय खाली गेला. सिमेंट बोटाबोटांनी निसटून मडमध्ये मिसळलं होतं.

रिपोर्टात मी लिहिलं, 'ऑपरेटरने सिमेंट पातळ कालवल्यामुळे जमलं नाही.' माझ्या टेबलावर त्यांचा कप होता, दगडासारखा जमलेला. मी तो उचलला आणि समुद्रात टाकला. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

अंकलना पंपावरून काढलं. ते माझ्याशी भांडले नाहीत. त्यानंतर कोणत्याच कंपनीने त्यांना पंपावर उभं केलं नाही.

चार वर्षं झाली. आता मी नव्या पोरांना तोच पाकाचा खेळ दाखवतो. परवा रसिका नावाच्या ट्रेनीने विचारलं, "सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी ग्लास विसळायला घेतले. लाज म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

रविवारी मिठाईचा डबा घेऊन पालीला गेलो. अरुंद गल्लीतलं त्यांचं दार समुद्राच्या वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक ठोकळा लावला होता. कपाच्या आकाराचा. वर तारीख कोरलेली. तीच तारीख.

"मी नेहमी दोन भरायचो," अंकल म्हणाले. "एक इंजिनिअरला, एक मला."

"मग तेव्हाच का नाही दाखवलात?"

"तू सांगशील वाटला. ल्हान वय, एक-दोन दिवस लागतील म्हटला." त्यांनी मला बसायला खुर्ची ओढली. "मंग मला किनाऱ्याला न्यायाला बोट आली."

मला त्यांच्याकडे बघवेना. "तो मला द्या अंकल. ऑफिसात ठेवतो, सगळं लिहून देतो."

"ने. पन दाराला दुसरा कायतरी लाव. वारा हाय."

मी ठोकळा काढला आणि तिथे मिठाईचा डबा सरकवला. डबा तसाच ढकलला गेला आणि दार आपटलं.