घोडीचा पायजमा

माझ्या नवऱ्याला घोडीचं वेड. वरातींना देता येईल म्हणून त्याने एक पांढरी घोडी घेतली आणि होळी गावातल्या आमच्या वाडीत केळींच्या कडेला बांधली. समुद्रावर फेऱ्या मारणारा एका मित्राचा उंटही पावसाळ्यात तिच्या शेजारी मुक्कामाला आला. मागेच म्हशींचा तबेला, म्हणजे माश्यांची तर जत्राच.

पाऊस ओसरताना घोडी खंगू लागली. पोटभर खायची, तरी बरगड्या दिसायच्या. पाय आणि पोटाखालचा भाग सुजला. ताप चढायचा, उतरायचा, परत चढायचा. एका वरातीत तिचे मागचे पाय असे लडखडले की नवरदेवाचे मामा ओरडले, "अहो, घोडीला पाजलीत की काय?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पण काहीच सापडलं नाही. "तरी मला सर्रा रोगाचीच शंका आहे," त्या म्हणाल्या. "त्याचे जंतू रक्तात कायम दिसत नाहीत. ताप चढला की लगेच बोलवा."

मग नवरा घरातला थर्मामीटर घेऊन सकाळ-संध्याकाळ घोडीच्या मागे. थर्मामीटर कुठे लावतात हे सासूबाईंना कळलं तेव्हा तो त्यांच्या जिभेखाली होता.

"धुतलाय गं आई!" नवरा म्हणाला.

त्या संध्याकाळपर्यंत गुळण्या करत होत्या.

ताप चढला त्या दिवशी डॉक्टरीणबाई एका बाप्तिस्म्याच्या जेवणाला गेल्या होत्या. तशाच रेशमी साडीत आल्या, रक्त घेऊन दवाखान्यात गेल्या. नवऱ्यानेही सूक्ष्मदर्शकात डोकावलं. घरी येऊन म्हणाला, "अगं, जंतू तांबड्या पेशींना ढुशा मारत वळवळतात! अगदी शेवयांसारखे!" मी शेवयाच केल्या होत्या. कोणी खाल्ल्या नाहीत.

घोडीला कातडीखाली इंजेक्शनं दिली. तिला लाळ सुटली, तसा नवराच रडवेला झाला. "औषधाने होतं असं," बाई म्हणाल्या आणि नवी सुई घेऊन उंटाकडे वळल्या. तो दिसायला ठणठणीत, पण जंतू त्याच्याही रक्तात निघाले. रक्त देताना त्याने रेशमी साडीवर हिरवी पिचकारी मारली.

साडी पुसत बाईंनी समजावलं, "घोडमाशी एकाला चावते, तोंडाला रक्त लागलेलंच असतं, लगेच दुसऱ्याला चावते. म्हशींमध्येही हा रोग मुकाट लपून असतो, त्यांचंही रक्त तपासायला हवं. यांना तबेल्यापासून लांब हलवा, जाळी लावा, धूर करा, शेण साठू देऊ नका. आणि हो, पट्टेरी कापडावर घोडमाश्या कमी बसतात म्हणे."

बाकी सगळं नवऱ्याने केलंच, पण शेवटचं वाक्य त्याच्या काळजात घुसलं. स्वतःचे दोन पट्टेरी पायजमे माझ्यापुढे टाकून म्हणाला, "हिच्या मापाचे कर." मी केले. पाठीवर पडद्याचं पट्टेरी कापड. एक वधूपिता घोडी ठरवायला आले, तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आम्हाला घोडी हवी होती. झेब्रा पाहुण्यांना चावला तर?"

उंटालाही इंजेक्शनं झाली आणि पुढच्या तपासण्यांत दोघांचंही रक्त स्वच्छ निघालं. घोडीची सूज उतरली, अंग भरलं. "पायजम्यानेच गुण आला," असं नवरा सगळ्यांना सांगतो. बाई मात्र इंजेक्शनाचं नाव घेतात आणि हसू आवरत निघून जातात.