आमचं दुकान कुठून कळलं?

कर्वेनगरच्या आमच्या पुस्तकांच्या दुकानाचा व्हिडिओ ह्यांनी आजारपणाआधी केला होता. शेवटी ते म्हणतात, "काउंटरवर 'पानखूण' हा शब्द सांगा, दहा टक्के सूट घ्या."

ते गेल्यावर महिनाभरात तो शब्द दोघांनीच सांगितला. दीर म्हणाले, "वहिनी, व्हिडिओ बघून कोणी येत नाही. काढून टाकू."

मला चैन पडेना. बिल करताना मी प्रत्येकाला विचारू लागले, "आमचं दुकान कुठून कळलं?" व्हिडिओ म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी वहीत एक खूण करत गेले. आठवड्यात अकरा जणांनी व्हिडिओ सांगितला.

"मग सूट का नाही मागितलीत?" मी एका आजोबांना विचारलं.

"अहो, परवलीचा शब्द सांगायला हा काय किल्ला आहे?"

वहीतल्या अकरा खुणा दिरांनी दोनदा मोजल्या. व्हिडिओ राहिला. मी अजूनही विचारते, आणि उत्तर येईपर्यंत बिल पुढे लिहीत नाही.