रॉकेट नसलेला मेल

मी अकरा वर्षं एका गाड्यांच्या कंपनीच्या खरेदी विभागात काढली आहेत. ही गोष्ट मी जरा जास्तच वेळा सांगते, असं घरातल्यांचं म्हणणं आहे. खरी आहे म्हणून सांगते.

नोकरी सोडल्यावर मी दिरांच्या, चाकणजवळ महाळुंग्यातल्या वर्कशॉपचं ऑफिस सांभाळू लागले. आम्ही चेकिंग फिक्श्चर बनवतो. पत्र्याचा पार्ट त्यात बसवला की भोकं आणि कडा जागेवर आहेत की नाही ते लगेच कळतं. आमचं जवळजवळ सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं. त्यांनी ते दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवलं आणि आमची दोन मशिनं झाकून ठेवावी लागली. चार कामगार रोज वेळेवर येऊन पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायचे. दिवाळीपर्यंत नवीन गिऱ्हाईक आलं नाही तर दोघांना घरी बसवावं लागेल, असं भाऊजी म्हणाले, तेव्हा त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून ओळखदेख नसलेल्या कंपन्यांच्या खरेदीवाल्यांना मेल पाठवायचं ठरलं. भाऊजींनी कुठल्याशा शिबिरातून नमुना आणला होता. सुरुवातीलाच रॉकेटचं इमोजी. मग ठळक अक्षरांत ‘चाकणचे सर्वात विश्वासार्ह भागीदार’. त्याखाली बुलेट टाकलेले नऊ मुद्दे, प्रत्येक ओळीपुढे हिरवी बरोबरची खूण, आणि शेवटी जोडलेले हात.

“भाऊजी, हा मेल नाही, वाढदिवसाचा फ्लेक्स आहे,” मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे.

त्यांना लागलं. “वैनी, लोकांना वाचायला येळ न्हाई. ठळक केलं तर नजर तरी जाती.”

“नजर जाते आणि अंगठा डिलीटवर जातो. मी स्वतः तेच करायचे.”

खरेदीवाल्याचा दिवस मोबाईलवर मेल खोडण्यानेच सुरू होतो. अनोळखी माणसाच्या मेलमध्ये रॉकेट आणि जाड अक्षरं दिसली की हाच मजकूर शंभर जणांना गेलाय, हे त्याला वाचण्याआधीच कळतं. साधी चार वाक्यं मात्र आपल्यासाठी बसून लिहिल्यासारखी वाटतात. अर्थात, ती तशी लिहावीही लागतात.

भाऊजींना पटलं नाही. शेवटी चाळीस नावांची यादी आम्ही अर्धी अर्धी वाटून घेतली.

त्यांनी वीस मेल एका दुपारी पाठवले. मला आठवडा लागला. प्रत्येक कंपनीबद्दल शोधून पहिलं वाक्य मी वेगळं लिहीत होते. एका कंपनीला लिहिलं, नव्या प्रॉडक्शन लाईनसाठी तुम्हाला क्वालिटी तपासणारी माणसं हवी आहेत, अशी जाहिरात पाहिली. पुढे: आम्ही पत्र्याच्या लहान पार्टसाठी चेकिंग फिक्श्चर बनवतो, फूटभरापेक्षा मोठ्या पार्टचं काम घेत नाही. फिक्श्चरमध्ये काही बिघडलं तर महाळुंग्याहून त्याच दिवशी येऊ शकतो. सध्या तुमच्याकडे असं काही काम आहे का? खाली माझं नाव आणि फोन.

“घेत न्हाई म्हनून कोन लिव्हतं का?” भाऊजी कपाळाला हात लावून म्हणाले. “समोरच्याला वाटंल, ह्यांच्याकडं काय न्हाईच.”

दहा दिवस दोघांच्याही मेलला उत्तर नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझी झोप उडाली होती. जाहिरातवाल्या कंपनीच्या खरेदीतल्या बाईंचं उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. एकच ओळ होती: कोणती मशिनं आहेत, किती अचूकतेपर्यंत काम करता आणि किती दिवसांत देता, ते कळवा.

तेव्हा मी बुलेट टाकले. तीन प्रश्न, तीन बुलेट, समोर आकडे.

भाऊजी मागे उभे होते. “आता चालत्यात व्हय?”

“आता त्यांनी विचारलंय, भाऊजी. त्या हे आकडे दुसऱ्या कोटेशनशेजारी ठेवून बघणार. पटकन सापडायला नकोत?” मुदतीचे दिवस तेवढे ठळक केले, कारण मीही खरेदीत असताना आधी तेच शोधायचे. इमोजी मात्र एकही नाही.

पुढच्या आठवड्यात त्या बाई क्वालिटीच्या माणसाला घेऊन वर्कशॉपवर आल्या. भाऊजी त्यांना मोठ्या पार्टचंही बघू, म्हणायला लागले तेव्हा बाई हसल्या. “साहेब, मोठं घेत नाही असं तुम्हीच लिहिलंत. म्हणून तर पुढचं खरं वाटलं. सगळंच करतो म्हणणारे रोज दहा भेटतात.”

भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “ते म्या न्हाई लिव्हलं म्याडम. आमच्या वैनींनी. खरेदीत अकरा वर्सं होत्या त्या.”

इतक्या वर्षांत ते वाक्य माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी बोलायची ती पहिलीच वेळ. माझा ऊर भरून आला, आणि ते मी लपवलं नाही. ट्रायलसाठी दोन फिक्श्चरचं काम मिळालं. भाऊजी पाहुण्यांना चहाला घेऊन गेले, तेवढ्यात चौघा कामगारांनी मशिनांवरची कापडं काढून घडी करून ठेवली होती. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.