अशरफभाईंची भिंत

कुवेतमधल्या फहाहीलच्या त्या खोलीत प्रत्येकाच्या गादीच्या वर, भिंतीवर, टेकून बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला खोबरेल तेलाचा एक गोल पिवळसर डाग होता. माणूस ड्यूटीवर गेला तरी त्याची जागा डाग राखून ठेवायचा. दारालगतचा लहानसा डाग यासिरचा, खिडकीखालचा हमीदचा. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरचा सर्वांत मोठा आणि सर्वांत काळपट डाग अशरफभाईंचा.

दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावाने चालवलेली ही खोली. गावातून कुवेतला नवा आलेला माणूस आधी इथेच उतरायचा. नोकरी लागेपर्यंत त्याला कोणी काही विचारत नसे. जेवायच्या वेळी त्याचंही पान मांडलं जायचं, एवढंच. हमीदही असाच आला होता. तेव्हा जागा नव्हती, म्हणून अशरफभाईंनी स्वतःच्या गादीचा अर्धा भाग त्याला दिला होता, आणि पहिल्या थंडीत अख्खं ब्लँकेट.

हमीद रंगारी. अहमदीतल्या जुन्या बंगल्यांचे दरवाजे, नव्या व्हिलांचे दिवाणखाने त्याने रंगवले. रंग देण्याआधी भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ गप्प उभं राहायची त्याची सवय होती. सोबतचे कारागीर हसायचे, ‘हमीद भिंतीला ताप आलाय का बघतो.’ स्वतःच्या खोलीच्या भिंतींकडे मात्र त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. मागे कुणीतरी मारलेलं स्वस्तातलं डिस्टेंपर होतं. पाठ टेकली की शर्टावर खडू उठायचा, आणि तेल तर ते टीपकागदासारखं प्यायचं.

मग इमारत विकली गेली. इमारतीचा रखवालदार, ज्याला सगळे हारिस म्हणत, एका संध्याकाळी दारात उभा राहिला. मोडक्या हिंदीत म्हणाला, “नया मालिक अगले महीने देखने आएगा. दीवार ऐसा गंदा, तो कमरा खलास.”

तो गेला. गावाकडे तिघांचे व्हिसा निघाले होते. ते उतरणार कुठे?

“रंग मारूया,” हमीद म्हणाला. “छताला डिस्टेंपर चालंल, तिथं कुणाचं डोकं लागत नाय.”

“तुझं लागंल, सारखा हवेत असतोस,” यासिर म्हणाला. तो एका दुकानात हिशेब लिहायचा आणि खोलीत सर्वांची टर उडवायचा.

“गप रे. भिंतींना वरती इमल्शन. खाली, खांद्याच्या वरपर्यंत, ऑइलपेंटचा पट्टा. एनॅमल. तेल लागलं तरी फडक्यानं पुसलं की साफ. स्वयंपाकघरात चुलीमागंपण तेच, दरवाजांनापण तेच.”

सगळ्यांना पटलं. मग हमीद उठला, न्हाणीघराच्या भिंतीपाशी गेला आणि त्याने तळहात ठेवला.

“ही भिंत सोडून,” तो म्हणाला. “ही आतून ओली हाय. हिला एनॅमल नको. एनॅमल म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, आतला ओलावा बाहेर पडायला वाट मिळत नाय. ही सुकली की नुसतं इमल्शन मारू, ते श्वास घेऊ देतं.”

“आणि माझ्या डोक्याचं तेल?” अशरफभाईंनी विचारलं.

“इमल्शनवर डाग पडंल, भाई. तुम्ही माझ्या खिडकीखाली या. मी इथं येतो.”

अशरफभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सत्तरीला टेकलेला माणूस, आता पहिल्यासारखं काम होत नव्हतं. आपण खोलीला ओझं आहोत का, हे ते मधूनमधून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शोधत असत.

“म्हणजे सगळ्यांच्या भिंती चकाचक, आणि म्हाताऱ्याला जागेवरून उठवा,” ते हळू आवाजात म्हणाले. “सरळ गावी धाड ना मला.”

“भाई, तसं नाय...”

“मलापण ऑइलपेंट पायजे. नायतर काहीच नको.”

हमीदने मान खाली घातली. हजार भिंतींना त्याने नाही म्हटलं असतं, या माणसाला त्याला म्हणता येईना.

शुवैखच्या बाजारातून रंगाचे डबे आले. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जुनं डिस्टेंपर खरवडलं. हाताला खडू लागेनासा होईपर्यंत हमीदने कोणाला थांबू दिलं नाही, कारण त्या भुकटीवर मारलेला कुठलाही रंग भुकटीसकट सुटून येतो. तेलाचे डाग सोड्याच्या पाण्याने धुतले, वर प्रायमर दिला. एनॅमलचा पट्टा फिका हिरवा होता, खाडीच्या पाण्यासारखा. वासाने डोकी दुखली, दोन रात्री सगळे शेजारच्या खोलीत दाटीवाटीने झोपले. अशरफभाईंच्या भिंतीवरही तोच हिरवा पट्टा चढला. ते समोर बसून त्यातलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहत होते. हमीदने त्या भिंतीकडे पाठ केली होती.

पंधरवडा झाला नाही तोच पट्ट्यावर फोड उठले. आधी मसुरीएवढे, मग लिंबाएवढे. यासिरनेही विनोद केला नाही. मालक येण्याला चार दिवस राहिले होते.

अशरफभाईंनी एका फोडावर बोट दाबलं. रंग फाटला आणि पाण्याचा ओघळ त्यांच्या मनगटावरून उतरला.

“तुला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

“हो.”

“मग मारलास का रे?”

अशरफभाईंनी बोट लुंगीला पुसलं. उशी उचलली, खिडकीखाली नेऊन टाकली आणि म्हणाले, “काढ ते. सगळं काढ. मालकाला उघडी भिंत दिसू दे.”

हमीदने खरवडायच्या पत्रीने एनॅमल सोलून काढलं. ओलं, करडं प्लास्टर उघडं पडलं. बाकीची खोली नव्या घरासारखी, आणि मधे ही एक जखम.

मालक आला. वरच्या पांढऱ्या भिंती, हिरवा पट्टा, स्वच्छ छत त्याने पाहिलं, आणि उघड्या भिंतीपाशी कपाळाला आठी घातली. हारिस पुढे होऊन रागाने काही बोलणार, तोच हमीदने त्याचा हात धरून प्लास्टरवर ठेवला. हारिसने तळहात पाहिला. “मय्या,” तो म्हणाला. पाणी. मालकाने स्वतःही हात लावला. मग दोघे न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ आतून फरशीवर टकटक ऐकू येत राहिली.

दुसऱ्या आठवड्यात प्लंबर आला. भिंतीच्या फरशीमागचा पाइप सांध्यात गळत होता. तो बदलला. खोली राहिली. भिंत मात्र पंखा लावून महिनाभर उघडीच ठेवली, आणि रोज कामावरून आल्यावर हमीद तिच्यावर तळहात ठेवत असे. ती कोरडी लागली, तेव्हा तिला त्याने इमल्शनचे दोन हात दिले. मंद, न चमकणारे.

तोवर अशरफभाई खिडकीखालीच बसत होते. तक्रार केली नाही, पण पाठ नीट टेकत नव्हते; दुसऱ्याच्या घरात बसल्यासारखे बसत.

एका शुक्रवारी हमीद कामावरून प्लायवूडचा एक तुकडा घेऊन आला. त्याने तो घासला, प्रायमर दिला, पुन्हा घासला, मग एनॅमलचा हात, वाळल्यावर आणखी एक. तोच हिरवा. त्याच्या मागच्या बाजूला चार लाकडी ठोकळे ठोकले आणि फळी जुन्या जागी, डोक्याच्या उंचीला, भिंतीपासून बोटभर सुटी राहील अशी बसवली.

“हे काय, भाईंसाठी सिंहासन?” यासिर म्हणाला.

“एनॅमल लाकडाला,” हमीद म्हणाला. “भिंतीला मागून हवा.”

अशरफभाईंनी उशी उचलून परत आणली. बसले. डोकं मागे टेकलं, डोळे मिटले. मग खिशातला रुमाल काढून, मागे न पाहता, फळीवर जिथे डोकं टेकलं होतं तिथे एकदा फिरवला.

“तेल निघतं रे,” ते म्हणाले.