हेदवीच्या फोटोवरचे नारिंगी आकडे

रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या पुढे श्रीपती मयेकरचा फोटो स्टुडिओ आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी दहाला तिथे पेपर वाचायला जातो. गेल्या चार वर्षांत मी त्याच्याकडे एकही फोटो काढलेला नाही, आणि तोही मला गिऱ्हाईक समजत नाही. "दीपकराव, पंखा तुमच्याकडं वळवू की पेपर उडंल?" एवढंच तो विचारतो. मला वाटतं माणसाला म्हातारपणी एवढा मान पुरे.

श्रीपती नवे फोटो काढतो, पण ते पोटासाठी. त्याचा खरा जीव जुने फोटो दुरुस्त करण्यात. त्यातही एका गोष्टीवर त्याचा जन्माचा राग: फोटोच्या कोपऱ्यात क्यामेऱ्याने छापलेली नारिंगी तारीख. डिजिटल क्यामेरे नवे नवे आले तेव्हा घरोघरी कुणीतरी मुंबईहून आणून दिलेला एक क्यामेरा असे, आणि त्यातली तारखेची सोय बंद कशी करायची ते आणून देणाऱ्यालाही ठाऊक नसे. बॅटरी उतरली की तारीख परत एक जानेवारीवर यायची. "फोटो बघून वाटतं," श्रीपती म्हणतो, "अर्ध्या रत्नागिरीची लग्नं एक जानेवारीला लागली. भटजी दमले कसे नाय?"

ती तारीख काढण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नाही. मूळ फाइलला तो हात लावत नाही, आधी नक्कल काढतो. मग चष्मा कपाळावर ढकलतो आणि पडद्याला नाक लावून बसतो. आकड्याच्या कडेने जी नारिंगी धग पसरलेली असते तीही धरून आकडा निवडायचा, नाहीतर आकडा जातो आणि त्याचं भूत राहतं. मग शेजारचा तसाच तुकडा उचलून वर बसवायचा. आभाळ असलं तर दोन मिनिटं. जांभ्याची भिंत असली तर दहा, कारण जांभ्याची भोकं ओळीने सारखी आली की चोरी पकडली जाते. माणूस असला तर मात्र तो उठतो आणि आधी चहा सांगतो.

गेल्या श्रावणात उमाबाई आल्या. उमाबाई केळकर, बुरोंडीच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. ताठ बसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. श्रीपती कधी त्यांच्या वर्गात नव्हता, तरी त्या आत आल्यावर त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"एका फोटोवरची तारीख काढायची आहे," असं म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला.

"ह्यो फोटोचा फोटो हाय, बाई. मूळ कुठाय?"

त्यांनी पिशवीतून पोस्टकार्डाएवढा प्रिंट काढला. मीही पेपर खाली ठेवला, कारण दुसऱ्याच्या फोटोत डोकावण्यासाठीच तर मी तिथे जातो. हेदवीचा समुद्र होता. अर्ध्याहून जास्त फोटो आभाळाचा, आणि उजवीकडे तळाशी, जवळजवळ फोटोबाहेर पडायच्या बेतात, दोन माणसं. कातळावर बसलेल्या तरुण उमाबाई आणि त्यांच्या मागे उभे एक उंच, टोपीवाले गृहस्थ. गृहस्थांचा उजवा हात खाली आलेला, पण मनगटाच्या पुढे तो नारिंगी आकड्यांत बुडालेला. १४/०५/२००६.

"बाजूचं कापून टाकलं तर?" मी न विचारता म्हणालो.

"मग बाईच कापल्या जातील," श्रीपती म्हणाला. "फोटो काढला कुनी?"

"माझ्या भाच्याने, ओमकारने. आदल्या दिवशी त्याची मुंज झाली होती आणि मुंजीत क्यामेरा मिळाला होता. नऊ वर्षांचा होता." मग त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, "फ्रेम करायचीय. तारीख नको दिसायला. बाकी काही नाही."

बाई ताकाला जाऊन भांडं लपवत होत्या. फ्रेम करायला माणूस इतका घट्ट पिशवी धरून बसत नाही. श्रीपतीने ते ओळखलं, पण तो गप्प राहिला. गप्प राहण्याची त्याची एक तऱ्हा आहे, समोरचा माणूस आपोआप बोलायला लागतो.

उमाबाईंनी मोबाइलवर दुसरा फोटो उघडला. "ओमकार आता मुंबईला असतो. त्याने कुठल्याशा ॲपवर तारीख काढून पाठवली. झटक्यात निघाली. हे बघा."

खरंच निघाली होती. आकडे गायब, आणि त्यांच्या जागी बाईंच्या खांद्यावर एक सुरेख, भरदार हात. पाचही बोटं मायेने टेकलेली. अनामिकेत सोन्याची अंगठी.

"आठवडाभर मी हाच फोटो बघत होते," उमाबाई म्हणाल्या. "काल अंगठी दिसली. अण्णांनी जन्मात कधी अंगठी घातली नाही."

मग सगळं बाहेर आलं. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, हेदवीजवळ आंब्याची बाग असलेले, कडक. त्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारून उमाबाईंनी बुरोंडीची नोकरी धरली. त्या दिवसापासून अण्णा त्यांच्याशी बोलले नाहीत. चौदा वर्षं. घरी गेल्या की पाणी मिळे, जेवण मिळे, पण शब्द मिळत नसे. ओमकारच्या मुंजीलाही तेच. दुसऱ्या दिवशी हे पोर सगळ्यांना घेऊन समुद्रावर गेलं आणि "आत्या बस, आजोबा मागे उभे राहा" म्हणून हुकूम सोडायला लागलं. नातवापुढे कुणाचं चालतंय? ते उभे राहिले. त्या दिवाळीत अण्णा गेले.

"त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता का, एवढंच मला बघायचंय," उमाबाई म्हणाल्या. "मला आठवत नाही. मी इतकी आखडून बसले होते, आणि वारा असा की काही कळत नव्हतं. भाऊ म्हणतो, अण्णांनी तुला शेवटपर्यंत माफ केलं नाही. तारीख काढली की खालचा हात दिसेल ना?"

श्रीपतीने चहा सांगितला.

"बाई," चहा आल्यावर तो म्हणाला, "लोकांना वाटतं तारीख म्हंजे वर चिकटवलेली पट्टी. सोलली की खालचं दिसंल. तसं नाय हो. क्यामेऱ्यानं तिथलं चित्र टाकून आकडेच लिवले. खाली काय नाय. मी जो हात काढीन तो माझा असंल. ॲपवाल्यानं तेच केलं, त्याला फक्त लाज नाय."

उमाबाईंनी प्रिंट परत पिशवीत ठेवायला घेतला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, मला श्रीपतीचा रागही आला. अंगठीशिवायचा एक हात काढायला याला पंधरा मिनिटं लागली असती. बाई सुखाने घरी गेल्या असत्या, कुणाचं काय बिघडत होतं? मी डोळ्यांनी तसं खुणावलंही. त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं, त्याला ते छान जमतं.

"त्या दिवशीचे बाकीचे फोटो कुठायत?" त्याने विचारलं.

"चांगले होते ते अल्बममध्ये आहेत. त्यात अण्णा नाहीत. एक सीडी आहे घरात, पण लावायला मशीन नाही."

"चांगले ऱ्हावदेत. मला बिघडलेले पायजेत. सीडी आना."

दुसऱ्या दिवशी बाई साडेनऊलाच हजर. स्टुडिओच्या मागच्या खोलीत श्रीपतीने एक जुना संगणक अजून जिवंत ठेवला आहे, असल्याच कामासाठी. सीडी त्याने बनियनच्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली आणि आत सरकवली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. आम्ही तिघंही श्वास धरून एका डबड्याकडे बघत होतो. शेवटी पडद्यावर फोटोंच्या टिकल्या उमटायला लागल्या. मुंज, मुंज, जेवणावळ, कुणाचीतरी पाठ, ओमकारचं स्वतःचं बोट, समुद्र.

प्रिंटवाला फोटो सापडला. त्याच्या लगेच पुढच्या नंबरावर एक फोटो आडवा पडलेला होता, माणसं झोपल्यासारखी.

"हा बिघडलाय," उमाबाई म्हणाल्या. "म्हणून कुणी छापलाच नाही."

"बिघडला नाय. पोरानं क्यामेरा उभा धरला." श्रीपतीने जवळची वही उचलून क्यामेऱ्यासारखी धरली. "तारीख कायम क्यामेऱ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात पडते. आता बगा, क्यामेरा असा उभा फिरवला की ह्यो कोपरा गेला वर. तारीख आभाळात." आणि त्याने फोटो सरळ केला.

आकडे वरच्या उजव्या कडेला उभे लटकलेले होते, आभाळात, कुणाच्याही वाटेत न येता. ओमकार या वेळी पुढेही आला होता. अण्णा आणि उमाबाई चांगले कमरेपर्यंत दिसत होते.

"दोन्ही फोटो एकाच मिनिटातले," श्रीपती हळू म्हणाला. फाइलची वेळ त्याने आधीच बघून घेतली होती. "मोठं करू?"

बाईंनी मान हलवली.

हात खांद्यावर नव्हता. मी मनात म्हटलं, मेलो. पण श्रीपतीने अजून जवळ नेलं. वाऱ्याने उमाबाईंचा पदर बाजूला फुगलेला होता आणि खांद्यापाशी अण्णांनी तो दोन बोटांत धरून ठेवला होता. चिमटीत, अगदी शेवटच्या टोकाला, अंगाला स्पर्श होणार नाही असा. चेहरा समोर, गंभीर, नेहमीसारखा. फोटोत पोरीचा पदर उडू नये म्हणून ते मुकाट्याने उभे होते.

उमाबाईंचा हात आपोआप खांद्याकडे गेला आणि पदराशी थांबला.

"म्हणून कळलं नाही मला," त्या म्हणाल्या. "त्यांनी फक्त कापड धरलं होतं."

मी पेपर उघडून तोंडापुढे धरला. श्रीपती म्हणतो तो उलटा होता, पण त्याचं सगळंच खरं मानायची गरज नाही.

त्याने मग आपल्या कामाची भाषा काढली, तीच त्याला सोपी पडते. "आता तुमच्या प्रिंटवाल्या आडव्या फोटोचं काम होईल, बाई. इथला हात आणि पदर उचलून, बारीक करून, आकड्यांच्या जागी बसवतो. उजेड तोच हाय. ह्यो तुमच्या अण्णांचाच हात असंल, माझा नाय. आनि ह्यो उभाबी छापू? ह्याच्यावरची तारीख तर आभाळातच हाय. दोन मिनिटांचं काम, आत्ता पुसतो."

त्याने माउस आकड्यांवर नेलाही. जन्माचं वैर होतं ना त्याचं.

"आडवा राहू दे," उमाबाई म्हणाल्या. "उभाच द्या. आणि त्यावरची तारीख पुसू नका, श्रीपतीभाऊ. चौदा वर्षांत तेवढ्या एकाच दिवशी माझा पदर धरला होता त्यांनी."

श्रीपतीने माउसवरचा हात काढला. फोटो छापायला लावून तो मशीनपाशी उभा राहिला आणि कागद बाहेर आल्यावर आधी त्याने आकडे नीट उमटलेत का ते बघितलं.