पर्यायी बचाव

वकिलाच्या घरच्यांनी त्याच्याकडून काही लिहून घेऊ नये, असं आमच्या बार असोसिएशनमध्ये चेष्टेनं म्हणतात. मला ते पटलं तेव्हा उशीर झाला होता.

मी बेळगावच्या कोर्टात दिवाणी कामं करते. आप्पा, म्हणजे माझे वडील, निपाणीत एकटे राहतात. मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून ते निवृत्त झाले आणि आई जाण्याच्या आधीच्या वर्षात त्यांनी फोनवर तिचं चित्रण करायला सुरुवात केली. आई चाळीस वर्षं बिड्या वळत होती. माझी फी, आप्पांचं डी.एड., घराची पहिली खोली, सगळं तिच्या मांडीवरच्या सुपातून आलं. आप्पा तिला प्रश्न विचारायचे आणि ती पान कापता कापता उत्तरं द्यायची. वखारीत तंबाखू चाळताना कसा ठसका लागायचा, बायका कशा तोंडाला पदर बांधायच्या, बिड्या नापास करणाऱ्या माणसाला मागनं काय काय नावं ठेवायच्या. असे अकरा व्हिडिओ त्यांनी इंटरनेटवरच्या आपल्या चॅनेलवर चढवले. त्यावर जाहिराती लावल्या नव्हत्या. "तिच्या तोंडापुढं कुणी साबण विकायचा न्हाय," एवढंच ते म्हणाले होते.

आई गेल्यावर त्या व्हिडिओंखाली लोक लिहू लागले. कुणाची आजी तिच्याशेजारी बसून बिड्या वळलेली, कुणाची आत्या. कुणी पुण्यातून, कुणी दुबईतून. आप्पा रोज सकाळी चहा झाला की प्रत्येकाला उत्तर द्यायचे, शाळेत हजेरी घ्यावी तसं.

एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला वाटलं, छातीत दुखतंय.

"पोरी, माझ्यावर चोरीचा आळ आलाय. पोलीस येतील का गं?"

चोरी कसली, तर तीन व्हिडिओंवर कॉपीराइटचा दावा लागला होता. एका वृत्तवाहिनीनं बिडी कामगारांवर कार्यक्रम केला होता आणि त्यात आमच्या तीन व्हिडिओंतले चाळीसेक सेकंदांचे तुकडे न विचारता घातले होते. कोपऱ्यात स्वतःचं बोधचिन्ह. मग तो अख्खा कार्यक्रम त्यांनी व्हिडिओ जिथे चढवतात त्या प्लॅटफॉर्मच्या, आपोआप जुळवणी करणाऱ्या यंत्रणेत आपल्या मालकीचा म्हणून नोंदवला. यंत्राला काय, आधी कोण आणि नंतर कोण हे कळत नाही. त्यानं मूळ व्हिडिओच त्यांची नक्कल ठरवला. दावा लागल्या दिवसापासून आईचा चेहरा दिसायच्या आधी बनियनची जाहिरात येऊ लागली, आणि व्हिडिओचा मालक म्हणून त्या वाहिनीचं नाव.

मी हसले. खरंच हसले, याची मला आजही लाज वाटते. "आप्पा, ही चोरी न्हाय. नुसता दावा हाय. हरकत घ्यायची, की सुटतो."

हरकतीचा फॉर्म मी कोर्टातून आल्यावर, खासबागेतल्या माझ्या खोलीत बसून भरला. कारण एकच निवडायचं असतं. मी 'मूळ चित्रण माझे' हे निवडलं, ते बरोबरच होतं. पण खाली खुलासा लिहायला मोकळी चौकट होती, आणि मोकळी चौकट दिसली की माझ्यातला वकील आवरत नाही. दिवाणी दाव्यात आम्ही कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, देताना एकच बचाव कधी देत नाही. रक्कम घेतलीच नाही. घेतली असली तरी फेडली. फेडली नसली तरी मुदत संपली. ज्युनियर असल्यापासून हाताला तेच वळण. तसंच मी इंग्रजीत लिहिलं: चित्रण आमचं आहे, आणि या म्हणण्यास बाध न येता, चित्रण दावेदाराचं आहे असं गृहीत धरलं तरी आमचा वापर शैक्षणिक आणि रास्त आहे. तिन्ही व्हिडिओंना तोच मजकूर चिकटवला, खाली आप्पांचं पूर्ण नाव सही म्हणून टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन जेवले.

उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस असतात. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. तिन्ही हरकती फेटाळल्या, दावे कायम.

तेव्हा मी पहिल्यांदा नियम नीट वाचले. हरकतीचा निकाल प्लॅटफॉर्म देत नाही, दावा लावणाराच देतो. फिर्यादीच न्यायाधीश. पुढची पायरी अपील. त्याला उत्तर द्यायला दावेदाराला सात दिवस. त्यांनी दावा सोडला किंवा गप्प बसले, तर सुटलो. पण त्यांनी व्हिडिओ काढून टाकायची रीतसर मागणी केली आणि ती मान्य झाली, तर व्हिडिओ जातो आणि चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, बसतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनेल बंद. आमचे दावे मोजून तीनच होते. स्ट्राइकविरुद्धही दाद मागता येते, पण त्यात कोर्टाची तयारी दाखवावी लागते, आणि समोर वाहिनीची वकिलांची फौज.

उलट काहीच केलं नाही तर चॅनेलला धक्का नव्हता. नुसता दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. आई राहिली असती, बनियनच्या मागे, दुसऱ्याच्या नावावर.

रविवारी मी निपाणीची बस धरली. काकती गाव मागे पडेपर्यंत मी आप्पांना काय सांगायचं ते घोकत होते. पराभव कसा सांगावा हे अशिलांच्या बाबतीत मला छान जमतं. वडील अशील असले की पहिलं वाक्यच सापडत नाही.

आप्पांनी हरकतीची प्रत मागितली. मी छापूनच नेली होती. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं आणि वाचायला लागले. इंग्रजी त्यांना सावकाश पण पक्कं येतं. दुसऱ्या परिच्छेदाशी पेन थांबलं.

"हे काय लिवलंयस?"

"पर्यायी बचाव हाय आप्पा. कोर्टात असंच देतात."

"म्हंजे, तुझ्या आईचं चित्र त्यांचं हाय असं धरलं तरी?"

मी होकार दिला.

"धरलंसच कशाला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी शाळेत पोराला विचारलं, पाटी कुणाची, आणि तो म्हणाला, माझी हाय गुर्जी, पण ह्याची असली तरी मी जरा लिवायला घेतलती, तर मी काय समजायचं?"

कोर्टात न्यायाधीशांनी झापलंय मला, पण इतकं कधी लागलं नव्हतं. वाहिनीच्या माणसानं कारण कळवलं नव्हतं, ते कळवत नाहीत. पण मी त्यांच्या जागी असते तर तेच वाक्य वाचून 'फेटाळा' म्हटलं असतं. माझ्या हुशारीनं मी आईवरचा हक्क अर्धा सोडून दिला होता, आणि खाली सही आप्पांची होती.

मी त्यांना दोन्ही वाटा सांगितल्या. एकाच व्हिडिओवर अपील करून बघू, असंही सुचवलं. फसलंच तर एकच स्ट्राइक. व्हिडिओ मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते, चॅनेल गेलं तरी ते जाणार नव्हते.

"आणि खाली लोकांनी लिवलंय ते?"

ते उतरवता येत नव्हतं. निदान मला तरी येत नव्हतं. आप्पांनी आईच्या रिकाम्या सुपाकडे बघितलं. त्यांना भीती वाटत होती, हे दिसत होतं. मलाही वाटत होती, आणि माझी जास्त होती, कारण माझ्या चुकीची किंमत ते मोजणार होते.

"तिन्ही कर," ते म्हणाले. "एक आपलं आणि दोन त्यांचं असं कसं? पण ह्या टायमाला मी सांगतो, तू नुसतं इंग्रजी कर."

त्यांनी सांगितलं ते असं होतं. हे चित्रण मी माझ्या फोनवर माझ्या घरात केले आहे. यातील बाई माझी पत्नी आहे. प्रश्न विचारणारा आवाज माझा आहे. दावेदाराच्या कार्यक्रमात यातील चाळीस सेकंद आहेत. माझ्याकडे त्या चाळीस सेकंदांच्या आधीचे आणि नंतरचे सलग एकवीस मिनिटांचे चित्रण आहे. माझा व्हिडिओ त्यांच्या कार्यक्रमाच्या चौदा महिने आधी चढवलेला आहे. मी कोणालाही परवानगी दिलेली नाही.

एवढंच. प्रत्येक व्हिडिओची मिनिटं आणि तारखा तेवढ्या बदलल्या. मी एक शब्द वाढवायला गेले तर लाल पेन वर झालं. मग नाव, पत्ता, फोन भरला. हे सगळं दावेदाराला दिसू शकतं हेही मी सांगितलं. ते म्हणाले, "दिसू दे की. लपायचं काम त्यांचं." पण बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले, आणि मी ते पाहिलं.

ते सात दिवस मला कोर्टात काही सुचलं नाही. एका तारखेला मी चुकीच्या दाव्याचे कागद घेऊन उभी राहिले. दर दोन तासांनी चॅनेल उघडून आई आहे का बघायचे. आप्पांना फोन केला तर ते घाईत असायचे, "कामात हाय गं" म्हणून ठेवून द्यायचे. मला वाटलं, रागावलेत. रागावण्याचा त्यांना हक्क होता.

सातव्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मी पुन्हा निपाणीला गेले. आप्पा खाली सतरंजीवर बसले होते. समोर फोन, तो पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, आणि मांडीवर शंभर पानी वही. आईच्या व्हिडिओंखाली लोकांनी लिहिलेला एकेक शब्द ते हातानं उतरवून काढत होते. लिहिणाऱ्याचं नाव, तारीख, मजकूर, खाली स्वतःचं उत्तर. वळणदार, फळ्यावरच्या अक्षरात. तिसरी वही चालू होती. डोळे सुजले होते.

मी शेजारी टेकले आणि तेवढ्यात माझ्याच फोनवर, मी उघडून ठेवलेल्या आप्पांच्या खात्यात ईमेल आला. दावेदाराने दावा मागे घेतला आहे. पाठोपाठ आणखी दोन. तीन ओळी, तिन्ही सारख्या. मला रडू फुटलं ते मी लपवलं नाही.

आप्पांनी मात्र चष्मा पुसला. "चुकलं म्हणालेत का?"

"न्हाय आप्पा. तसं कधी म्हणत न्हाईत."

"तो त्यांचा कार्यक्रम काढलाय?"

"न्हाय. त्याच्यावर वेगळी तक्रार करावी लागंल. आपण करू."

"मग तवर दुसरं कोणबी त्यातलंच उचलून आपल्यावर दावा लावंल न्हवं?"

असल्या प्रश्नाला माझ्याकडे नेहमी तीन उत्तरं तयार असतात. एक असं, ते नसल्यास तसं. मी एकच दिलं.

"लावू शकतंय."

त्यांनी मान हलवली आणि वही पुन्हा मांडीवर ओढली. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून फोन माझ्या हातात दिला.

"वाच," ते म्हणाले. "सावकाश. आणि हाय तेवढंच वाच, तुझं काय घालू नको."

मी वाचायला लागले. "काकूंनी मला पान कापायला शिकवलं. त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं." आप्पांनी ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि पुढच्याची वाट बघत पेन धरून बसले.